बनावट ब्लेड कसं ओळखाल?

दाढीच्या रेझरची मूठ आपण एकदा घेतो आणि वर्षानुवर्षं वापरतो. खर्च होतो तो पात्यांवर. वापरा, टाका आणि नवं घ्या हा धंदा किंग कॅम्प जिलेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उभा केला. 1904 साली त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. आज बनावट माल करणाऱ्यांचा डोळा असतो तो याच पुन्हा पुन्हा विकल्या जाणाऱ्या भागावर, म्हणजे दोन धारांच्या ब्लेडवर आणि त्याहूनही जास्त महागड्या कार्ट्रिजवर. आकाराने लहान, वजनाने हलकी, किंमत मात्र भरपूर, आणि पाकीट फोडल्याशिवाय आतला माल दिसत नाही!

असली-नकली ठरवण्यासाठी ग्राहकाच्या हाती तीन खुणा असतात: वेष्टनावरची छपाई, पात्यावरचा मुलामा आणि मुठीवरच्या खुणा. त्या सारख्याच भरवशाच्या नाहीत. छपाईची नक्कल सगळ्यात सोपी आणि मुलाम्याची सगळ्यात अवघड. त्यामुळे वेष्टनात खोट सापडली तर माल संशयित समजावा, पण वेष्टन निर्दोष दिसलं म्हणून आतला माल खरा मानू नये.

तीन पात्यांच्या एका नामांकित कार्ट्रिजची दोन पाकिटं मी शेजारी ठेवून पाहिली. एक नेहमीच्या औषधाच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं, दुसरं ऑनलाइन जवळजवळ निम्म्या किमतीत आलेलं. हातभर अंतरावरून दोन्ही जुळी वाटत होती. भिंगाखाली मात्र फरक दिसला. पहिल्या पाकिटावरचं बारीक अक्षर काठाला तुटक नव्हतं. दुसऱ्यावर तेच अक्षर किंचित फुगलेलं होतं आणि निळ्या पट्टीच्या कडेला पांढरी रेघ राहिली होती. छपाईत एकावर एक बसणारे रंग जागेवरून सरकले की अशी रेघ उरते. मूळ पाकीट समोर ठेवून स्कॅन करून छापलं की अक्षरं फुगतात.

याहून बोलकी खूण म्हणजे बॅच क्रमांक. कारखान्यात पाकीट आधी छापून येतं. क्रमांक, महिना आणि वर्ष त्यावर नंतर, माल भरताना उमटवतात. त्यामुळे त्याची शाई वेगळी दिसते, कधी तो थोडा तिरका बसतो, कधी नुसता दाबून उठवलेला असतो. संशयित पाकिटावर तो क्रमांक बाकीच्या मजकुराच्याच शाईत, त्याच रेषेत छापलेला होता. म्हणजे तो चित्राचाच भाग होता! असा क्रमांक महिनोन्‌महिने प्रत्येक पाकिटावर तोच राहतो. एका बॅचच्या खऱ्या पाकिटांवरही एकच क्रमांक असतो, म्हणून नुसता क्रमांक जुळला एवढ्यावर शिक्का मारू नये. तो कसा उमटवलाय ते पाहावं.

इथे एक सावधगिरी हवी. एकाच ब्रँडचा माल वेगवेगळ्या देशांत भरला जातो, म्हणून भाषा, रंगाची छटा किंवा कार्डाचा आकार वेगळा असला तरी माल खरा असू शकतो. भारतात विकायच्या आयात पाकिटावर मात्र आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील 2011 च्या वैधमापन नियमांनुसार लागतोच. परदेशी छपाईचं पाकीट आहे आणि आयातदाराचा पत्ताच नाही, तर ते घेऊ नये.

आता पात्याकडे वळू. चांगलं पातं साधारण तेरा टक्के क्रोमियम असलेल्या स्टेनलेस पोलादाचं असतं. पट्टी हजार अंशांच्या वर तापवून, झटक्यात थंड करून कडक करतात आणि मग तिला टप्प्याटप्प्याने धार लावतात. त्या धारेवर निर्वात कक्षात क्रोमियम, प्लॅटिनम किंवा हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा थर चढवतात आणि शेवटी टेफ्लॉनचा, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतो त्याच पदार्थाचा. टेफ्लॉन साधारण 327 अंशांना वितळतं. ते धारेवर पसरून घट्ट बसावं म्हणून पातं त्याहून जास्त तापमानाच्या भट्टीतून न्यावं लागतं, आणि धार गंजू नये म्हणून भट्टीतून हवाही दूर ठेवावी लागते. एवढी यंत्रणा बनावट मालवाल्याकडे सहसा नसते आणि त्याचा खोटेपणा उघडा पडतो तो इथेच.

हा मुलामा डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला कळतो. टेफ्लॉन नसलेली धार कितीही तीक्ष्ण असली तरी केसात अडकते. नेहमीचंच कार्ट्रिज, नेहमीचाच फेस, आणि पहिल्याच फटक्याला केस ओढल्यासारखा वाटला तर तिथेच थांबावं. संशयित कार्ट्रिज मी गालाला लावलंच नाही. भिंगाखाली त्याच्या मधल्या पात्याची धार एका जागी खरचटलेली होती आणि तिन्ही पाती एका पातळीत नव्हती. खऱ्या कार्ट्रिजमध्ये पाती पातळ आधारपट्टीवर बसवलेली असतात आणि वेल्डिंगचे बारीक ठिपके समान अंतरावर दिसतात. संशयित मालात ते वेडेवाकडे होते. वरची वंगणपट्टी ओली केली तर बोटाला बुळबुळीत लागायला हवी. इथे ती कोरडीच राहिली आणि बोटाला रंग लागला.

चुंबकाची परीक्षा मात्र करू नका. पात्याचं स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतंच, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पातं रात्रभर पाण्यात ठेवून तांबेरा येतो का, हे पाहता येतं. पण काही खरी ब्लेडही साध्या कार्बन पोलादाची असतात, म्हणून पाकिटावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तरच या परीक्षेला अर्थ आहे.

मुठीवरच्या खुणा दोन प्रकारे उपयोगी पडतात. आधुनिक मुठीवर नाव साच्यातूनच उठलेलं, कडेला धारदार असतं आणि साच्याची शिवण बोटाला जवळजवळ लागत नाही. पण खरी मूठ आणि नकली कार्ट्रिज अशी जोडी सर्रास असते. म्हणून कार्ट्रिज खट्कन बसतं का, हलतं का, आणि मागे दाबून सोडलं की आपोआप जागेवर येतं का, ते पाहावं. जुन्या रेझरची गोष्ट वेगळी. मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन लिलावात अमेरिकेत बनलेला जुना जिलेट घेताना पात्याखालच्या पट्टीच्या मागे एक अक्षर आणि एक अंक शोधावा. अक्षर वर्ष सांगतं, अंक तिमाही. 1955 साठी ‘ए’, पुढे क्रमाने. म्हणजे ‘ई’ आणि 3 असेल तर 1959 ची तिसरी तिमाही. संग्राहक ज्याला ‘फॅटबॉय’ म्हणतात ते जाड मुठीचं मॉडेल 1958 नंतरचं. त्यावर 1955 चं अक्षर दिसलं तर मूठ तरी जोडाजोडीची आहे किंवा खूण तरी खोटी.

खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण पुरावा लागतो, आणि तो बहुधा कचऱ्याच्या डब्यात गेलेला असतो. म्हणून ब्लेड बिलावरच घ्या, संशय आला तर पाकीट आणि न वापरलेलं एक कार्ट्रिज जपून ठेवा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा, मूळ कंपनीला कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.