रात्री अकरालाही छत तापलेले का?

नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. दुपारपेक्षा संध्याकाळ आणि रात्र जास्त छळते. बाहेर वारा सुटलेला असतो, खिडक्या उघड्या असतात, पंखा पाचावर असतो, तरी पलंगावर पडले की वरून धग येत राहते. छताला हात लावला तर ते कोमट नव्हे, चक्क गरम लागते. सूर्य मावळून चार तास झालेले असताना ही उष्णता येते कुठून?

ती दुपारीच आलेली असते, फक्त खोलीत पोहोचायला उशीर लागतो. चार ते सहा इंचांच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता सावकाश खाली झिरपते. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी दीड-दोनच्या सुमारास सर्वाधिक तापतो आणि छताची खालची बाजू त्यानंतर काही तासांनी. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर हा उशीर आणखी वाढतो. म्हणजे संध्याकाळी लोक घरी परततात तेव्हाच दुपारचे ऊन छतातून खाली उतरत असते. पंखा हवा हलवतो, पण तापलेले छत उष्णता किरणांच्या रूपाने थेट अंगावर टाकते आणि त्या किरणांना पंखा अडवू शकत नाही.

म्हणूनच उपाय छताखाली शोधण्याऐवजी छतावर शोधायला हवा. ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत पाठवायचे, हे ‘कूल रूफ’ लेपाचे सारे काम. पृष्ठभागावर पडलेल्या उन्हाचा जो हिस्सा परत फेकला जातो, त्याला सौर परावर्तन म्हणतात. जुन्या, करड्या पडलेल्या काँक्रीटचे परावर्तन साधारण 30 टक्के धरता येते. चांगल्या पांढऱ्या लेपाचे नव्याने लावल्यावर 80 टक्क्यांच्या आसपास असते.

या दोन आकड्यांतला फरक एका खोलीवर मांडून पाहू. खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे वरचा स्लॅब सुमारे 11 चौरस मीटर. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट इतके ऊन पडते. गच्चीवर दर चौरस मीटरला एक चालू इस्त्री पालथी ठेवावी, तशी ही उष्णता. अकरा चौरस मीटरवर ती 11,000 वॅट झाली. उघडे काँक्रीट त्यातले सुमारे 7,700 वॅट शोषते, पांढरा लेप सुमारे 2,200. शोषलेली सगळी उष्णता खाली येत नाही. बरीचशी वाऱ्याने आणि आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने निघून जाते. पण खाली येणारा वाटा वरच्या तापमानावर ठरतो, आणि तेच तापमान लेपामुळे उतरते. भर दुपारी उघडी गच्ची अनवाणी चालता येणार नाही इतकी पोळते, पांढरी गच्ची हवेपेक्षा थोडीच जास्त तापते.

उत्सर्जनाचाही यात मोठा वाटा आहे. काँक्रीट आणि साधा पांढरा लेप दोन्ही शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकतात. चकचकीत ॲल्युमिनियमचा रुपेरी लेप ऊन परतवतो खरा, पण जी उष्णता शोषतो ती सहजी सोडत नाही. म्हणून डोळे दिपवणारी रुपेरी गच्ची पांढऱ्या गच्चीपेक्षा जास्त तापू शकते.

हैदराबादमध्ये काही व्यावसायिक इमारतींवर याची प्रत्यक्ष मोजणी झाली असून तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. काळ्या छतांना पांढरे केल्यावर वातानुकूलनाची वीज 14 ते 26 टक्के वाचली, उघड्या काँक्रीटला पांढरे केल्यावर 10 ते 19 टक्के. मुळात गडद असलेल्या छतावर फायदा जास्त, हे यातून स्वच्छ दिसते. एसी नसलेल्या घरात वीज वाचण्याचा प्रश्न नसतो. तिथे वरच्या खोलीचे तापमान सहसा दोन ते पाच अंशांनी उतरते. नेमका फरक स्लॅबची जाडी, खिडक्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर येणारे ऊन यांवर अवलंबून असतो. तेलंगणा सरकारने एप्रिल 2023 मध्ये कूल रूफ धोरणच जाहीर केले.

आपल्याकडे मात्र खरेदीतच एक गल्लत होते. गळती थांबवणारा लेप विटकरी, करडा आणि पांढरा अशा अनेक रंगांत मिळतो. मळ दिसत नाही म्हणून पुष्कळ जण विटकरी निवडतात. त्याने पाणी अडते, ऊन फारसे अडत नाही. गच्चीवर काळी डांबरी शीट टाकली तर छत आधीपेक्षाही तापते. डब्यावर ‘हीट प्रूफ’ लिहिलेले पुरेसे नाही. माहितीपत्रकात सौर परावर्तनाचा आकडा शोधावा आणि तो नव्या लेपाचा आहे की वापरानंतरचा, हेही दुकानदाराला विचारावे.

लेप टिकतो की निघतो, हे रंगापेक्षा पृष्ठभागाच्या तयारीवर ठरते. शेवाळ, सुटे सिमेंट आणि जुन्या रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून गच्ची धुवावी. भेगा भराव्यात आणि पाणी साचत असेल तिथला ढाळ आधी दुरुस्त करावा. मग ओल तपासावी: प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीवर बसवून दुसऱ्या दिवशी उचलावा. आतून दव साचले असेल किंवा काँक्रीट काळपट दिसले, तर लेप थांबवावा. ओल्या स्लॅबवर लावलेल्या लेपाखाली वाफ अडकते आणि फुगे येतात. पहिला हात प्रायमरचा, नंतर लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे. काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावे, कारण तापलेल्या गच्चीवर लेप पकड घेण्याआधीच सुकतो.

कमी खर्चात करायचे तर चुना आहेच. ताज्या चुन्याचा पांढरेपणा उत्तम असतो, पण पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा फासावा लागतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझॅक गच्ची महाग पडते, मात्र ती बरीच वर्षे टिकते.

काही मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. फायदा फक्त गच्चीखालच्या मजल्याला होतो, खालच्या मजल्यांना जवळपास नाही. भिंतींतून आणि खिडक्यांतून येणारी उष्णता तशीच राहते. शेजारी उंच इमारत असेल तर गच्चीवरची झगमग तिथल्या खिडक्यांत जाते. थंडीत दुपारी मिळणारी थोडी ऊबही कमी होते.

धूळ हा सर्वांत मोठा शत्रू. वर्षभरात 80 टक्के परावर्तन 60-65 टक्क्यांवर येऊ शकते. आपल्या उदाहरणातल्या खोलीवर तेव्हा 2,200 ऐवजी सुमारे 4,000 वॅट शोषले जातील, तरी उघड्या काँक्रीटच्या निम्मेच. होळीच्या सुमारास साध्या पाण्याने आणि मऊ झाडूने गच्ची घासली की यातले बरेचसे परत मिळते. खर्च करण्याआधी खात्री हवी असेल, तर गच्चीच्या एका कोपऱ्यावर पाच बाय पाच फूट लेप लावावा आणि दुपारी दोन वाजता लेपावर व शेजारच्या उघड्या काँक्रीटवर तापमापक टेकवून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. महिनाभराने, धूळ बसल्यावर, तेच पुन्हा करून पाहावे. संपूर्ण गच्चीचा निर्णय त्या आकड्यांवर घेता येईल.