गादी कडक हवी, पण किती?

पाठ दुखू लागली की घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास सांगतं, ‘गादी काढून टाक, चार दिवस फरशीवर झोप.’ कडक अंथरूण पाठीला चांगलं, हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि कित्येक वर्षं डॉक्टरही तेच सांगत असत. या समजाची नीट परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. कुणाला कोणती मिळाली, ते त्यांना सांगितलं नाही. 90 दिवसांनी पाहिलं, तर अंथरुणात पडल्यावरचं दुखणं, सकाळी उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवाले अधिक सुधारले होते. हा अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

असं का होतं, ते कुशीवर झोपून पाहिलं की कळतं. खांदा आणि नितंब बाहेर येतात, कंबर आत जाते. फरशीवर सगळा भार खांद्यावर आणि नितंबावर पडतो आणि कंबर रात्रभर अधांतरी राहते. उलट फार मऊ गादीत शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे नितंब, खाली जातो आणि कण्याची झोळी होते. चांगली गादी खांदा आणि नितंब थोडे आत घेते आणि कंबरेखालची पोकळी भरून काढते. मात्र तीच गादी 50 किलोच्या माणसाला कडक वाटेल आणि 85 किलोच्या माणसाला मऊ. म्हणून ‘पाठदुखीची गादी’ अशी सर्वांना लागू पडणारी वस्तू नसते. लेबलवरच्या ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाने एवढंच कळतं, की कंपनीच्या मते ती कडकपणाकडे झुकणारी आहे.

आता तीन प्रकार पाहू. काथ्याच्या गादीत नारळाच्या काथ्याचे कुरळे केलेले तंतू रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यातून हवा खेळते, त्यामुळे उकाड्यात ती सुखाची. मुळात ती कडक असते, म्हणून वर एक-दोन इंच फोम असलेली घ्यावी. तिचा दोष काही वर्षांनी दिसतो. रोज एकाच जागी झोपल्याने तिथले तंतू तुटतात, खाली भुसा पडू लागतो आणि खड्डा होतो. ओल लागली तर कुबट वासही येतो.

फोमच्या बाबतीत दुकानदार ‘32 डेन्सिटी’, ‘40 डेन्सिटी’ असं सांगतो आणि आपल्याला तो कडकपणाचा आकडा वाटतो. तसं नाही. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच तो आकडा सांगतो. वजनदार फोम बहुधा जास्त वर्षं टिकतो. तो कडक आहे की मऊ, ही वेगळी गोष्ट. हा आकडा घरी पडताळता येतो. 75 इंच लांब, 36 इंच रुंद आणि 5 इंच जाड अशा एकसंध फोमच्या गादीचं आकारमान साधारण 0.22 घनमीटर भरतं. 40 डेन्सिटी असेल तर नुसता फोम पावणेनऊ किलोच्या आसपास हवा. 32 असेल तर सात. खोळीचं वजन वेगळं. कागदावर 40 आणि काट्यावर खोळीसकट सातच किलो भरले, तर समजून जावं. मेमरी फोम हा त्यातलाच एक प्रकार. तो अंगाच्या उबेने मऊ होऊन शरीराचा आकार घेतो, पण उकाड्यात गरम वाटतो आणि कूस बदलणं जड जातं. पाठ धरलेल्या माणसाला ही अडचण लहान नाही. म्हणून मेमरी फोमचा थर वरचे इंच-दोन इंचच असावा आणि खाली घट्ट फोम असावा.

स्प्रिंगच्या गाद्यांत बोनेल आणि पॉकेट असे दोन मुख्य प्रकार आहेत. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक दबली की शेजारचीही दबते. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असते. नितंबाखालची दबते, कंबरेखालची तशीच उभी राहते. पाठीसाठी स्प्रिंगच घ्यायची तर पॉकेट घ्यावी.

एक उदाहरण घेऊ. नवरा 84 किलोचा, पाठीवर झोपणारा. बायको 52 किलोची, कुशीवर झोपणारी आणि कंबरदुखी तिचीच. पलंग 75 बाय 72 इंचांचा, त्यावर नऊ वर्षांची काथ्याची गादी. आधी गादीवर आडवा सरळ दांडा ठेवून खड्डा मोजावा. तो इंच-दीड इंच खोल असेल तर गादी संपली, उलटीपालटी करून फारसा उपयोग नाही. मग तिने चार-पाच रात्री दुसऱ्या खोलीत, वेगळ्या गादीवर झोपून पाहावं. सकाळचं दुखणं कमी झालं तर संशय गादीवर घ्यायला जागा आहे. अशा जोडप्याने एकच मोठी गादी घेण्यापेक्षा 36 इंची दोन गाद्या शेजारी ठेवाव्यात. त्याच्यासाठी घट्ट फोमची किंवा वर फोम असलेली काथ्याची, तिच्यासाठी त्याहून मऊ फोमची किंवा पॉकेट स्प्रिंगची. दोन्हींची जाडी मात्र सारखी हवी.

नावाजलेल्या कंपन्यांत कर्लऑन आणि ड्यूरोफ्लेक्स ही काथ्यातली जुनी नावं. स्लीपवेल फोमसाठी, कोइम्बतूरची पेप्स स्प्रिंगसाठी ओळखली जाते. वेकफिट ऑनलाइन विक्रीतून पुढे आली. 2023 मध्ये स्लीपवेलच्या मूळ कंपनीने कर्लऑनही विकत घेतली. पण प्रत्येक कंपनी साध्यापासून महागड्यापर्यंत अनेक गाद्या विकते. म्हणून नावावर न थांबता कोणता थर, किती इंचांचा आणि किती डेन्सिटीचा, हे बिलावर लिहून मागावं. वॉरंटीत किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळते, तेही वाचावं. बऱ्याच ऑनलाइन कंपन्या 100 रात्री वापरून परत करण्याची मुभा देतात. पाठदुखी असणाऱ्याला ती फार मोलाची, कारण नवीन गादीची सवय व्हायलाच दोन-तीन आठवडे जातात.

दुकानात गादीवर बसून हाताने दाबून पाहू नका. चपला काढा, नेहमीच्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. मग सोबतच्या माणसाला कंबरेखालच्या पोकळीत हात घालायला सांगा. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक; अजिबात शिरला नाही आणि नितंब खाली गेलेले दिसले तर मऊ. थोडा अडत, सरकत गेला तर ती तुमची.

गादी बदलून सुधारतं ते रात्रीचं आणि सकाळचं दुखणं. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ उतरत असेल, दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वयाच्या पंचेचाळिशीआधी सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून अधिक टिकलेली पाठदुखी असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, तर तो सांध्यांचा दाहही असू शकतो. अशा वेळी आधी तपासणी करा, गादी नंतर घ्या.