विंगेमागचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांची गॅदरिंगं सुरू होतात. नाच बसवण्यात दीड-दोन महिने जातात. पण ऐन संध्याकाळी कार्यक्रम रेंगाळतो तो बहुधा नाचांमुळे नाही, दोन नाचांच्या मधल्या वेळामुळे. निवेदिका पुढच्या गाण्याचं नाव घेऊन मोकळी होते आणि स्टेज रिकामंच राहतं, कारण मागे कुणाचा तरी कासोटा सुटलेला असतो. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला तर ही दिरंगाई परवडतच नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे गेलेला वेळ शेवटच्या नाचाच्या माथी बसतो.

पहिली ते चौथीच्या एका नेहमीच्या गॅदरिंगचं उदाहरण घेऊ. मैदानावर स्टेज आहे, मागे शाळेची इमारत आहे, सोळा नाच आहेत आणि प्रत्येक नाचात वीसेक मुलं. म्हणजे तीनशेच्या वर मुलं झाली. ही सगळी स्टेजमागे जमली की तिथे उभं राहायलाही जागा उरत नाही. गोंगाट माइकमधून प्रेक्षकांपर्यंत जातो, आणि कुणाला चक्कर आली तर ते कळतही नाही. म्हणून मुलांनी थांबायचं ते वर्गात. वर्ग ते स्टेज या वाटेवर दोनच थांबे ठेवायचे: व्हरांड्यातली बाकं आणि स्टेजची विंग.

पाचवा नाच सुरू झाला की सहावा गट बाकांवरून विंगेत जातो आणि सातवा वर्गातून बाकांवर येतो. हलवायची खूण गाणं सुरू होण्याची, घड्याळाची नव्हे. पाहुण्यांचं भाषण लांबलं तर घड्याळाप्रमाणे निघालेली मुलं थंडीत विंगेत ताटकळतात. गाण्यावर चालणारी रांग आपोआप थांबून राहते. नंबर पुकारण्याचं काम एकाच माणसाकडे हवं. ते विंगेत उभं राहून, हातात क्रमाचा कागद घेऊन करायचं. निरोप न्यायला नववीतली दोन चपळ मुलं पुरतात. गर्दीत मोबाइल लागेलच असं नाही, आणि लागला तरी ढोल-ताशात ऐकू येत नाही. निरोपही ठरलेला असावा: "सातवा नंबर, बाकांवर!" नाचाचं नाव घेतलं की घोळ होतो, कारण दोन कोळीगीतं असली तर दोन्ही वर्ग उठून बसतात.

आता खरी अडचण, म्हणजे कपडे बदलणं. समजा, सहा मुली पाचव्या नंबरच्या कोळीनृत्यात आहेत आणि आठव्या नंबरच्या देशभक्तिगीतातही. मध्ये दोन नाच आहेत, म्हणून क्रम ठरवणाऱ्याला वाटतं, वेळ भरपूर आहे. कागदावर मांडून पाहू. एक नाच चार मिनिटांचा, दोन नाचांमध्ये निवेदनाची दोन मिनिटं. पाचवा संपल्यापासून आठवा सुरू होईपर्यंत चौदा मिनिटं होतात. पण सातवा नाच सुरू होताना आठवा गट विंगेत हजर हवा, म्हणजे शेवटची सहा मिनिटं गेली. स्टेजवरून खोलीत जाऊन परत यायला दोन. हातात उरली सहा मिनिटं.

गजरा, नथ आणि गळ्यातलं काढायचं, शिवलेलं लुगडं उतरवायचं, पांढरा कुडता-सलवार घालायची, ओढणीला पिना लावायच्या. आठ वर्षांच्या मुलीला यासाठी चार मिनिटं लागतात, तीही कुणी मदतीला असेल तर. सहा मुलींची चोवीस मिनिटं झाली. मदतीला दोन बाई असतील तर बारा मिनिटं, आणि हातात आहेत सहाच. हा घोळ त्या संध्याकाळी कितीही धावपळ केली तरी सुटत नाही. तो क्रम ठरवतानाच झालेला असतो.

उपाय तीन आहेत. देशभक्तिगीत दहाव्या नंबरवर नेलं तर आणखी दोन नाच मध्ये येतात, बारा मिनिटं वाढतात आणि हातात अठरा मिनिटं राहतात. ते जमत नसेल तर मदतीला चार जणी ठेवायच्या; वेळ तंतोतंत पुरतो, पण एक पिन हरवली की बिघडलंच. तिसरा उपाय म्हणजे बदल लहान करायचा: पांढरी सलवार लुगड्याच्या आतच घालून ठेवायची, केस दोन्ही नाचांना चालतील असे बांधायचे, मेकअप एकच ठेवायचा. पोशाख भाड्याने ठरवतानाच हे बघावं लागतं. लुगडं शिवलेलं, फेटा तयार बांधलेला आणि कानातलं दाबाचं असलं की बरीच मिनिटं वाचतात.

प्रत्येक मुलाची पिशवी वेगळी असावी. तिच्यावर नाव, इयत्ता आणि नाचांचे नंबर जाड पेनाने लिहावेत. तसाच कागद पोशाखाच्या आतल्या बाजूला पिनेने लावावा. उतरवलेलं सगळं त्याच पिशवीत जायला हवं. नाहीतर शेवटी टेबलावर नथींचा ढीग उरतो आणि दुसऱ्या दिवशी ड्रेपरीवाल्याचा फोन येतो. पोशाख चढवण्याआधी सगळ्यांना शौचालयात नेऊन आणावं. हे राहिलं की विंगेत हमखास ऐकू येतं, "बाई, मला शू आलीय," आणि तोवर धोतराला पाच पिना लागलेल्या असतात.

मुला-मुलींच्या कपड्यांच्या खोल्या वेगळ्या हव्यात. मुलींच्या खोलीत फक्त बाई आणि ठरलेल्या मदतनीस जातील. दोन्ही खोल्यांत मोबाइल बाहेर ठेवूनच आत यायचं, फोटो काढणाऱ्या हौशी आईनेसुद्धा. एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस बंद दाराआड नको. किमान दोघं असावीत.

गटाबरोबरच्या बाई वर्ग ते स्टेज बदलत नाहीत. एक पुढे, एक मागे, आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची: वर्गातून निघताना, बाकांवर, विंगेत, आणि स्टेजवरून उतरल्यावर. सगळ्यांत जास्त मुलं हरवतात ती या शेवटच्या जागी. नाच झाला की मूल सरळ आजीकडे पळतं, भेळ खातं, आणि दहाव्या नंबरला जागेवर नसतं. म्हणून उतरलेला गट आधी वर्गात परततो आणि तिथूनच पालकांच्या ताब्यात दिला जातो. सकाळी दिलेली चिठ्ठी दाखवावी, बाईंनी यादीवर खूण करावी. ज्यांचा दुसरा नाच बाकी आहे त्यांच्या नावापुढे लाल ठिपका. ती मुलं तोवर कुणाच्याही हाती द्यायची नाहीत, आजी कितीही रागावल्या तरी.

मोकळी वाट हाही देखरेखीचाच भाग आहे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवाली इथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मुलं मोठ्या संख्येने होती. म्हणून व्हरांड्यात बाकं एकाच बाजूला लावावीत, पिशव्या दारात ठेवू नयेत, स्टेजमागची दुसरी वाट प्रॉप्सनी अडवू नये. कुठला गट कुठल्या वाटेने बाहेर पडेल हे त्या-त्या बाईंना आधीच माहीत असावं.

रंगीत तालमीत सगळे नाच नेहमीप्रमाणे होतात, पण पोशाख बदलण्याची तालीम बहुतेक ठिकाणी होत नाही. दोन-दोन नाचांत असलेल्या मुलांची यादी काढावी आणि त्या दिवशी फक्त त्यांचे बदल घड्याळ लावून करून पाहावेत. जो बदल तालमीत आठ मिनिटं घेतो तो संध्याकाळी दहा घेणार, असं धरूनच क्रमाचा कागद पक्का करावा आणि मगच पत्रिका छापायला द्यावी.