बाहेर आलेलं सगळंच मूळव्याध नसतं

साकोली तालुक्यातलं एकोडी हे धानाचं गाव. इथली साठी उलटलेली एक आजी डोळ्यांसमोर आणा. शौचाला बसलं की काहीतरी बाहेर येतं आणि हाताने आत लोटावं लागतं. अलीकडे खोकला आला तरी येतं, लुगड्याला चिकट ओल लागते. घरचे म्हणतात मूळव्याध, म्हणून वर्षभर चूर्ण आणि मलम चालू आहे. अशा बाईला कुशीवर झोपवून तपासलं तर बहुतेकदा काहीच दिसत नाही. तिला उकिडवं बसवून, आडोसा करून कुंथायला सांगावं लागतं. लाज वाटत असेल तर नातीने मोबाइलवर काढलेला फोटोही डॉक्टरला पुष्कळ सांगतो.

पाहायचं ते वळ्यांकडे. मूळव्याधीत गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात. त्यांचे वेगवेगळे कोंब दिसतात, बहुधा तीन, आणि मधल्या खाचा केंद्रातून बाहेर पसरतात. गुदभ्रंशात गुदाशयाची अख्खी भिंत, स्नायूसकट, सदऱ्याची बाही उलटून यावी तशी बाहेर येते. त्यावरच्या वळ्या गोलाकार, एकाबाहेर एक कड्यांसारख्या असतात. बोटांत धरल्यावर भिंत दुहेरी, जाड लागते. गुदद्वार सैल पडलेलं असतं आणि मल न आवरण्याची तक्रार पुष्कळांना असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. उतारवयातल्या बायकांत हा आजार जास्त आढळतो. सोबत गर्भाशयही खाली उतरलेलं असू शकतं, तेव्हा तेही तपासायला हवं.

उपचाराची वाट इथेच फुटते. आपोआप आत जाणारी मूळव्याध बहुतेक वेळा तंतुमय आहार, भरपूर पाणी, न कुंथणं आणि गरज पडल्यास रबरबँड यांवर आटोक्यात येते. हाताने लोटावी लागणारी किंवा आत जातच नसलेली असेल तर सर्जनला दाखवावी. मोठ्या माणसाचा पूर्ण गुदभ्रंश मात्र मलमाने किंवा रबरबँडने बरा होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी प्रत्येकालाच हवी. तब्येत झेपत असेल तर पोटातून गुदाशय वर ओढून टाके घालतात. नाजूक वृद्धांवर खालूनच शस्त्रक्रिया करता येते, पण त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता त्यात अधिक. लहान मुलांचं वेगळं: बद्धकोष्ठ, जुलाब किंवा कुपोषण यांवर इलाज केला की बहुतेकांचा गुदभ्रंश शस्त्रक्रियेविना थांबतो.

रक्त पडत असेल तर "मूळव्याधच असेल" असं गृहीत धरू नये. मोठ्या वयात दुर्बिणीतून आतडं तपासून कर्करोग नाही ना, हे आधी पाहतात. बाहेर आलेला भाग आत जाईना, काळानिळा पडला, दुखू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आमच्या आजीच्या वळ्या गोल निघाल्या. अशा वेळी साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयातून भंडारा किंवा नागपूरच्या सर्जनकडे चिठ्ठी मागावी. शस्त्रक्रियेनंतर मलावरचा ताबा परतायला काही महिने लागतात आणि फार काळ ताणलेला स्नायू कधी पूर्ण सावरतही नाही. म्हणून पुढचं वर्षही मलमात घालवू नये.