अधिवृक्क अपुरेपणा : नव्या उपचारांचे पुरावे काय सांगतात?

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या, म्हणजे रुग्णाला कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णन केलेल्या या व्याधीमागे आपल्याकडे क्षयरोग हे आजही महत्त्वाचे कारण आहे. लहान मुलांत मात्र जन्मजात विकरदोष अधिक आढळतो. हायड्रोकॉर्टिसोनच्या साध्या गोळीने प्राण वाचतात, पण अनेक रुग्णांचा थकवा जात नाही. त्यासाठी दोन नवे पर्याय पुढे आले आहेत. त्यांचे मोल एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, भालकी तालुक्यातील ३४ वर्षांची एक गृहिणी आहे. क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाला आहे, परंतु ग्रंथी सावरल्या नाहीत. ती हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५ व सायंकाळी ५ असे २० मिलिग्रॅम घेते. जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम. तरीही दिवस कलताच अंगातले त्राण जाते आणि मन उदास राहते.

निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास शिखर गाठते आणि रात्रीपर्यंत उतरते. साध्या गोळीने मात्र दिवसभरात तीन चढउतार होतात. द्विस्तरीय गोळीचे बाह्य आवरण त्वरित विरघळते आणि गाभा सावकाश झिरपतो. म्हणून ती सकाळी उठताच एकदाच घ्यावयाची असते. युरोपात तिला २०११ साली मान्यता मिळाली. स्वीडनमधील ६४ रुग्णांवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांत सरासरी वजन सुमारे ७०० ग्रॅमने घटले व रक्तदाबही किंचित उतरला. इटलीतील ८९ रुग्णांच्या २०१८ सालच्या अभ्यासात चोवीस आठवड्यांनी दोन गटांच्या वजनांत सुमारे ४ किलोंचा फरक दिसला आणि संसर्गही कमी झाले.

परंतु येथे एक मेख आहे. मिलिग्रॅम तेवढेच देऊनही या गोळीतून चोवीस तासांत शरीराला मिळणारे एकूण कॉर्टिसॉल सुमारे एक पंचमांशाने कमी असते. मग लाभ दैनंदिन लय साधल्याचा, की निव्वळ मात्रा घटल्याचा? या अभ्यासांतून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. आपल्या रुग्णेच्या बाबतीत सायंकाळची मात्रा दुपारी चारपर्यंत आणून एकूण २० चे १५ ते १७.५ मिलिग्रॅम करून पाहणे, हा स्वस्त प्रयोग आधी करावा. त्याआधी उभे राहिल्यावरचा रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावेत. उभे राहताच रक्तदाब पडत असेल, तर दोष बहुधा फ्लुड्रोकॉर्टिसोन वा मिठाच्या कमतरतेचा असतो.

दुसरा पर्याय डिहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन, म्हणजे डीएचईए. स्त्रियांच्या शरीरातील पुरुषी संप्रेरकांचा मोठा वाटा याच द्रव्यातून येतो. १९९९ साली जर्मनीत २४ स्त्रियांना रोज ५० मिलिग्रॅम देऊन केलेल्या अभ्यासात मनःस्वास्थ्य व कामेच्छा सुधारल्याचे दिसले, आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००८ साली १०६ रुग्णांवरील वर्षभराच्या ब्रिटिश अभ्यासात मांडीच्या हाडाच्या मानेची घनता थोडी वाढली, पण थकव्यात फरक पडला नाही. २००९ साली दहा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात जीवनमान व नैराश्य यांत अल्प सुधारणा दिसली. कामेच्छेत निश्चित लाभ आढळला नाही.

म्हणून २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने डीएचईए सर्वांना सुचवलेले नाही. मूळ उपचार नीट बसवूनही उदासी, निरुत्साह वा कामेच्छेचा अभाव टिकला, तरच स्त्रियांत सहा महिन्यांची चाचणी घ्यावी, आणि गुण न आल्यास औषध थांबवावे. आपल्या रुग्णेस सकाळी २५ मिलिग्रॅमने प्रारंभ करणे शहाणपणाचे. मुरुमे, तेलकट त्वचा, चेहऱ्यावरील लव वा घामाचा उग्र वास वाढल्यास मात्रा अधिक झाली असे समजावे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. जन्मजात विकरदोषाच्या नेहमीच्या प्रकारात पुरुषी संप्रेरके मुळातच वाढलेली असतात. तेथे डीएचईए देण्यात अर्थ नाही. द्विस्तरीय गोळीही मुलांसाठी मान्य नाही. ती मोडून वा चूर्ण करून दिल्यास तिची रचनाच नष्ट होते. मुलांना साधे हायड्रोकॉर्टिसोन, शरीराच्या प्रति चौरस मीटर ८ ते १० मिलिग्रॅम, तीन-चार वेळा विभागून, हाच मार्ग.

जुलाब लागल्यास सावकाश झिरपणारी गोळी पूर्ण शोषली जाईलच असे नाही. बिदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात ही शंका केवळ पुस्तकी नाही. म्हणून नवी गोळी घेणाऱ्याच्या घरीही साधे हायड्रोकॉर्टिसोन हवेच. तापात नेहमीची मात्रा दुप्पट वा तिप्पट करावी. उलट्या थांबत नसतील, तर प्रौढास १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यावे, मुलास प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅम, आणि मग रुग्णालय गाठावे. नव्या पर्यायांनी रुग्णाचा दिवस कदाचित थोडा सुखाचा होईल. जीव मात्र या इंजेक्शननेच वाचतो. त्याची कुपी घरात आहे का, हे प्रत्येक भेटीत विचारावे.