‘हप्ता’ या शब्दाचे तीन अर्थ आणि विमापत्र परत करण्याचा हक्क

बँकेच्या व्यवहारात ‘हप्ता’ हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी योजला जातो. आवर्ती ठेवीत दरमहा भरावयाची रक्कम हा हप्ता, कर्जफेडीची रक्कम हाही हप्ता आणि विम्यासाठी द्यावयाचे मूल्य हाही हप्ताच. पहिल्या अर्थी दिलेला पैसा खातेदाराचाच राहतो. तिसऱ्या अर्थी दिलेल्या पैशातून जोखमीचे मूल्य व विक्रीचा खर्च वजा होतो. बचत खात्याच्या खिडकीशी बसलेला अधिकारी हा शब्द उच्चारतो, तेव्हा ऐकणारा तो स्वाभाविकपणेच पहिल्या अर्थाने घेतो. विम्याच्या चुकीच्या विक्रीचे मूळ पुष्कळदा या अर्थांतरात असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विमा विकताना बँक ही ठेव स्वीकारणारी संस्था नसून विमा कंपनीची अभिकर्ता असते आणि विक्रीबद्दल तिला कंपनीकडून मोबदला मिळतो. करार खातेदार व विमा कंपनी यांच्यात होतो. म्हणून तो रद्द करण्याचा अर्जही कंपनीकडेच जावा लागतो.

उदाहरणादाखल एका निवृत्त शिक्षिकेचा व्यवहार घेऊ. त्यांची 1,00,000 रुपयांची मुदत ठेव पूर्ण झाली. शाखेतील अधिकाऱ्याने ‘ठेवीसारखीच, पण अधिक लाभाची योजना’ सुचविली, ‘एकदाच भरा’ असे सांगितले, आणि ‘पडताळणीसाठी दूरध्वनी येईल, प्रत्येक प्रश्नाला होय म्हणा’ अशी सूचनाही केली. बाईंनी सह्या केल्या. 10 जूनला ई-मेलने विमापत्र आले. त्यात विमारक्कम 10 लाख रुपये, वार्षिक हप्ता 1,00,000 रुपये आणि हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षे असे लिहिले होते. प्रस्तावपत्राच्या प्रतीत त्यांचा व्यवसाय ‘व्यापार’ असा होता, उत्पन्न प्रत्यक्षाच्या कितीतरी पट दाखविले होते, आणि पुढील हप्ते बचत खात्यातून आपोआप वळते करण्याची संमतीही जोडलेली होती.

चुकीच्या विक्रीची चिन्हे शोधावयाची ती याच तीन जागी: हप्ते भरण्याची मुदत, प्रस्तावपत्रातील व्यवसाय व उत्पन्न, आणि खात्यावरील वसुलीची संमती. तोंडी शब्द व लेखी मजकूर यांत फरक दिसला की विलंब करू नये.

विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या विनियमांनुसार विमापत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत ते परत करता येते. या अवधीस ‘फ्री-लूक’ असे म्हणतात. तो सहीच्या किंवा पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजावयाचा नसून विमापत्र हाती आल्याच्या दिवसापासून मोजावयाचा असतो. ई-मेलने आलेले पत्रही मिळालेलेच समजले जाते. म्हणून प्रस्तावपत्रात कोणाचा ई-मेल पत्ता भरला आहे, हे सहीपूर्वीच पाहणे इष्ट. पत्ता भलताच असेल, तर अवधी केव्हा सुरू झाला यावरच वाद उद्भवतो.

बाईंनी विमापत्राचा क्रमांक, ते मिळाल्याचा दिनांक, ‘अटी मान्य नसल्याने विमापत्र रद्द करावे’ हे एक वाक्य आणि बँक खात्याचा तपशील एवढेच लिहून 1 जुलैला अर्ज कंपनीच्या कार्यालयात दिला व दिनांकित पोच घेतली. खात्यावरील वसुलीची संमतीही त्यांनी बँकेस निराळे पत्र देऊन रद्द करविली.

परताव्यातून तीनच वजावटी होऊ शकतात: संरक्षण मिळालेल्या दिवसांचे जोखीममूल्य, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. जोखीम 6 जूनपासून सुरू झाली व वार्षिक जोखीममूल्य 7,300 रुपये आहे असे मानू. मग 25 दिवसांचे 500 रुपये होतात. मुद्रांक शुल्क हजारी 20 पैसे या दराने 200 रुपये; तपासणी झालेली नाही. तेव्हा 99,300 रुपये परत यावयास हवेत, आणि तेही अर्ज पोहोचल्यापासून 7 दिवसांत. बाजाराशी निगडित विमापत्रात मात्र युनिटांच्या मूल्यातील चढउतारही हिशेबात येतो.

या हक्काचे मर्म असे की, 30 दिवसांच्या आत अधिकारी काय बोलला हे सिद्ध करावे लागत नाही. अवधी उलटल्यावर मात्र हवेत विरलेला शब्द एका बाजूस आणि सही केलेला कागद व ध्वनिमुद्रित ‘होय’ दुसऱ्या बाजूस, अशी विषम स्थिती होते. तेव्हाही मार्ग अगदी बंद होत नाही. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास अथवा ते असमाधानकारक असल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. परंतु तेथे पुरावा लागतो. म्हणून ‘एकदाच भरा’ हे वाक्य ऐकताच ते अधिकाऱ्याकडून त्याच्या सहीनिशी लिहून मागावे. जे लिहून देण्यास तो कचरतो, ते विमापत्रात बहुधा नसतेच.