मोटर जळण्याआधी पाटी वाचा

ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळते. ती वायंडिंग करून आणतात, पुन्हा बसवतात आणि महिन्याभरात ती परत जळते. दोष वायंडिंगवाल्याला दिला जातो, पण पुष्कळदा खरी चूक स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेच्या सेटिंगमध्ये असते.

या रिलेत दोन धातूंची जोडपट्टी असते. ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि स्टार्टर बंद पाडते. किती करंटला वाकायचं, ते तिच्यावरची छोटी चकती फिरवून ठरवतात. हा आकडा 'एचपीच्या दीडपट' अशा अंदाजाने लावू नये. तो मोटरच्या पाटीवर 'A' किंवा 'Amp' या खुणेसमोर छापलेला असतो. पूर्ण भार असताना मोटर प्रत्येक फेजमधून इतका करंट घेते.

समजा, पाटीवर 5.5 kW, 415 V, 11 A लिहिलं आहे, म्हणजे मोटर साडेसात एचपीची आहे. साधा डीओएल स्टार्टर असेल, तर मोटरकडे तीनच वायर जातात. तिथे चकती 11 वर लावायची.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मात्र मोटरकडे सहा वायर जातात. त्यात रिले बहुधा मेन कॉन्टॅक्टरखाली असतो आणि त्याच्या वायर थेट मोटरकडे जातात. डेल्टात मोटर चालताना या रिलेतून पूर्ण करंट जात नाही, 0.58 पट जातो. म्हणून 11 ला 0.58 ने गुणायचं आणि चकती 6.4 वर लावायची.

इथेच घात होतो. पाटी पाहून कुणी 11 च लावतो. पुढे पंपात गाळ अडकतो किंवा व्होल्टेज पडतं आणि मोटर 15 अँपिअर खेचू लागते. रिलेतून तेव्हा जेमतेम 8.7 अँपिअर जात असतात, त्यामुळे तो हलत नाही आणि वायंडिंग जळतं. तोच रिले 6.4 वर असता, तर काही मिनिटांत पडला असता. उलट, काही स्टार्टरमध्ये रिले येणाऱ्या लाइनवरच असतो. तिथे पूर्ण 11 लावावे लागतात. म्हणून आधी मेन स्विच बंद करून, वायरमनकडून रिलेची जागा पाहून घ्या.

सेटिंग बरोबर असूनही रिले पडत असेल, तर चकती वाढवू नका. मोटर चालू असताना टाँग टेस्टरने तिन्ही लाइनचा करंट मोजायला सांगा. तिन्ही आकडे सारखेच पण जास्त असतील, तर पंप जड चालतोय किंवा व्होल्टेज कमी आहे. एकच आकडा फार वेगळा असेल, तर फेज, फ्यूज किंवा ढिला जोड तपासा. विहिरीतलं पाणी संपून पंप कोरडा चालला, तर करंट कमी होतो, त्यामुळे हा रिले ते ओळखत नाही. त्यासाठी वेगळा ड्राय-रन प्रिव्हेंटर लागतो.

पाटी गंजून पुसट होण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा आणि रिलेचा योग्य आकडा स्टार्टरच्या झाकणाच्या आत रंगाने लिहा. पुढचा वायरमन कुणीही आला, तरी त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.